अध्ययनवक्राचे वाचन : अलिबागच्या चुंबकीय नोंदींच्या आधारे

यंत्राध्ययनाच्या पद्धती वापरून लिहिलेल्या प्रबंधांत अलीकडे एक आकृती हटकून आढळते. आडव्या अक्षावर शिकविण्यासाठी वापरलेल्या नोंदींची संख्या, उभ्या अक्षावर त्रुटी, आणि त्यांत दोन रेषा : खालची प्रशिक्षण-त्रुटीची, वरची पडताळणी-त्रुटीची. खालची रेषा हळूहळू चढते, वरची उतरते आणि उजव्या कडेला दोन्ही एकमेकींच्या जवळ येतात. आकृतीखाली बहुधा एकच वाक्य असते : दोन्ही वक्र जवळ आले, यास्तव प्रतिमानात ओव्हरफिटिंग, म्हणजे अतिजुळणी, झालेली नाही. हे वाक्य इतक्या सहजतेने लिहिले जाते की, ते सिद्ध करावयास हवे याचे भान ना लेखकास राहते ना परीक्षकास. या लेखात त्याच वाक्याचे परीक्षण करावयाचे आहे.

आरंभीच एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी अलिबागच्या चुंबकीय नोंदींवर लिहिलेला एक पदव्युत्तर प्रबंध माझ्याकडे परीक्षणासाठी आला होता. क्षितिजसमांतर चुंबकीय बलाचे तासागणिक मूल्य वर्तविणारे प्रतिमान त्यात बांधले होते. दोन वक्र अगदी सुरेख जुळले होते. मी ती आकृती पाहिली, समाधान पावलो आणि अनुकूल मत दिले. मौखिक परीक्षेच्या वेळी मी एवढेच विचारले की, पडताळणीच्या नोंदी कशा निवडल्या? विद्यार्थ्याने निःशंकपणे सांगितले, "सर, सर्व तास एकत्र मिसळून त्यांतले पंचवीस टक्के बाजूला काढले." उत्तर ऐकून मी मान डोलावली. त्या उत्तरात काय दडले होते हे मला घरी परतताना, मांडव्याच्या धक्क्यावर बोटीची वाट पाहात असता, उमगले.

अलिबागच्या वेधशाळेचा इतिहास येथे थोडा सांगणे अप्रस्तुत होणार नाही, कारण नोंदी कशा निपजतात हे ठाऊक असल्याशिवाय त्यांवरचा वक्र वाचता येत नाही. मुंबईस कुलाबा येथे १८४१ पासून चुंबकीय वेध घेतले जात होते. शहरात विजेवर चालणारी ट्राम येणार हे दिसू लागताच तिच्या प्रवाहामुळे सूक्ष्म वेध बिघडणार हे ओळखून तत्कालीन संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी वेधशाळा अलिबागच्या किनाऱ्यावर हलविली. इमारतीसाठी लोहांश नसलेला पोरबंदरी दगड वापरला. १९०४ साली अलिबागचे वेध सुरू झाले आणि दोन वर्षे कुलाबा व अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, म्हणजे जुन्या मालिकेस नवी मालिका सांधता यावी. १९०६ मध्ये कुलाब्याचे काम थांबले, आणि १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. आज ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

या ठिकाणी क्षितिजसमांतर बल सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला असते. जुन्या तक्त्यांत ज्यास गॅमा म्हणत तेच हे एकक होय. या मोठ्या आकड्यावर दररोज एक लहानसा चढउतार स्वार असतो : शांत दिवशी सूर्य वर येईल तसे मूल्य वाढते, दुपारच्या आसपास शिखर गाठते आणि सायंकाळपर्यंत पुन्हा उतरते. हा चढउतार काही दशक नॅनोटेस्लांचाच. त्याचे कारण ऊर्ध्व वातावरणातील विद्युत्प्रवाह होत. दर महिन्यातील सर्वांत शांत असे पाच दिवस आंतरराष्ट्रीय संकेतानुसार निवडले जातात, आणि त्या दिवसांवरून ही दैनिक लय काढण्याची पद्धत जुनी आहे.

आता अत्यंत साधे प्रतिमान घेऊ. दिवसाचे चोवीस तास, प्रत्येक तासासाठी एक सरासरी; म्हणजे एकंदर चोवीस गुणांक. शिकविण्यासाठी एकाच महिन्यातले काही शांत दिवस घ्यावयाचे व प्रत्येक तासाची सरासरी काढावयाची. यात यंत्र नावापुरतेच आहे, कागद-पेन्सिलीनेही काम भागेल. परंतु अध्ययनवक्राची सर्व लक्षणे यात उघडी दिसतात. दिवसादिवसांतील विचलनाचा वर्ग सरासरीने १०० आहे असे मानू, म्हणजे विचलन साधारण १० नॅनोटेस्लांचे. हा आकडा आणि पुढचे असे सर्व आकडे केवळ हिशेबाच्या सोयीसाठी गृहीत धरले आहेत. ते अलिबागचे मोजलेले नव्हेत.

एकच दिवस शिकविला तर काय होते? त्या दिवसाचे मूल्य हीच सरासरी, म्हणून प्रशिक्षण-त्रुटी शून्य. परंतु नव्या दिवसावर त्रुटी २०० येते : १०० त्या नव्या दिवसाच्या स्वतःच्या विचलनाची आणि १०० आपण पाठ केलेल्या एकुलत्या एका दिवसाच्या विचलनाची. ज्या दिवसावरून शिकलो त्याचे अपघाती वैशिष्ट्य आपण नियम म्हणून स्वीकारले, ही अतिजुळणी. दोन दिवस घेतले तर त्रुटी ५० व १५०. पाच दिवस घेतले तर ८० व १२०. वीस दिवस घेतले तर ९५ व १०५. सामान्यतः दिवसांची संख्या n असेल तर प्रशिक्षण-त्रुटी १०० उणे १००/n आणि नव्या दिवसावरील त्रुटी १०० अधिक १००/n. दोन्ही वक्र १०० च्या रेषेकडे सरकतात, एक खालून आणि एक वरून, आणि कोठेही पाहिले तरी त्या रेषेपासून त्यांचे अंतर सारखेच असते. प्रशिक्षण-त्रुटी वाढत जाते हे पाहून नवखा विद्यार्थी गोंधळतो. वस्तुतः तेथे प्रतिमान बिघडत नसते, पाठांतराची सोय कमी होत असते.

यावरून पहिला निष्कर्ष असा काढला जातो की, दोन वक्रांतील दरी जितकी अरुंद तितके प्रतिमान चांगले. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तोही याच उदाहरणावरून दाखविता येतो. दैनिक लय बाराही महिने सारखी नसते. सूर्याच्या स्थितीनुसार तिचा आकार आणि उंची बदलते. समजा, आपण सर्व महिने एकत्र करून चोवीसच सरासऱ्या काढल्या, आणि ऋतुभेद दुर्लक्षिल्यामुळे त्रुटीत ४० ची भर पडली. वर्षाचे साठ शांत दिवस बाराही महिन्यांत समान वाटलेले आहेत. तेव्हा प्रशिक्षण-त्रुटी सुमारे १३८ आणि नव्या दिवसावरील त्रुटी सुमारे १४२ येईल. दरी अवघी ४. आता त्याच साठ दिवसांवर प्रत्येक महिन्यासाठी वेगळ्या चोवीस सरासऱ्या काढा. प्रत्येक महिन्याच्या वाट्यास पाचच दिवस येतात, म्हणून त्रुटी ८० आणि १२०. दरी ४०, म्हणजे दसपट. तरीही नव्या दिवसावर हेच प्रतिमान सरस, कारण १२० हे १४२ पेक्षा कमी आहे. दरीकडेच पाहणारा परीक्षक येथे दुबळे प्रतिमान निवडील आणि वर अतिजुळणी टाळल्याचे समाधान मानील.

अर्थात् याची दुसरी बाजूही आहे. प्रत्येक महिन्याचे दोनच दिवस उपलब्ध असतील, तर महिनेवार प्रतिमानाची त्रुटी ५० व १५० होते आणि एकत्रित प्रतिमानाची १३६ व १४४. तेथे एकत्रित प्रतिमान थोडे वरचढ ठरते. म्हणजे अतिजुळणी होते आहे की नाही हा प्रश्न अपुरा आहे. ती मोबदल्यापेक्षा महाग पडते काय हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर वरच्या वक्राच्या उंचीत असते. दरीचा उपयोग वेगळा आहे : पुढे काय केले असता लाभ होईल हे ती सांगते. दरी रुंद असून दिवस वाढविताना वरचा वक्र अजून उतरत असेल तर आणखी नोंदी गोळा करणे सार्थ आहे. दोन्ही वक्र उंचावर मिळालेले असतील तर आणखी दहा वर्षांच्या नोंदी ओतल्या तरी उपयोग शून्य. तेथे प्रतिमानालाच ऋतू शिकवावा लागेल.

हे सर्व ज्या एका गृहीतावर उभे आहे ते म्हणजे वरचा वक्र खरोखरच नव्या दिवसांवर मोजलेला आहे. त्या प्रबंधात तोच पाया खचलेला होता.

अलिबागच्या विचलनाचे स्वरूप पाहा. एखाद्या वादळानंतर पृथ्वीभोवतीचा वलयप्रवाह क्षीण व्हावयास कित्येक दिवस लागतात, आणि तोवर क्षितिजसमांतर बल सर्वच तास खाली दबलेले असते. म्हणून एखादा दिवस समग्रतः खाली असतो, दुसरा समग्रतः वर. आपल्या १०० च्या विचलनापैकी ६४ हा अशा दिवसाच्या पातळीचा भाग आणि ३६ हा तासातासाचा किरकोळ भाग असे मानू. आता प्रतिमानास तासाबरोबर दिनांकही पुरविला आणि प्रतिमान पुरेसे लवचीक असले, तर ते काय करील? प्रत्येक दिवसाची पातळी पाठ करील. त्या विद्यार्थ्याने दिनांकाचा स्तंभ दिला होता आणि त्याचे प्रतिमान निर्णयवृक्षांच्या समूहाचे होते. अशा समूहास दिवसागणिक वेगळी पातळी लक्षात ठेवणे मुळीच अवघड नाही.

वीस दिवसांचा हिशेब करू. चोवीस तासांच्या सरासऱ्या आणि प्रत्येक दिवसाची पातळी असे प्रतिमान धरले, आणि विद्यार्थ्याप्रमाणे तास मिसळून चौथा हिस्सा वगळला, तर प्रत्येक दिवसाचे सरासरी अठरा तास शिकविले जातात व सहा तास पडताळणीस राहतात. दिवसाची पातळी त्या अठरा तासांवरून कळलेलीच असते. म्हणून प्रशिक्षण-त्रुटी सुमारे ३२ आणि पडताळणी-त्रुटी सुमारे ४०. दरी लहान, उंची कमी, वक्र देखणे. याच पद्धतीने मोजलेली आपल्या साध्या चोवीस सरासऱ्यांची त्रुटी मात्र १०५ च्या थोडी वरच राहते, कारण तिला दिवस ओळखण्याचे साधनच नाही. तुलना केली तर दिनांक जाणणारे प्रतिमान दुपटीहून अधिक सरस वाटते.

तेच प्रतिमान संपूर्ण नव्या दिवसावर तपासा. त्या दिवसाची पातळी कोणीच शिकविलेली नाही. प्रतिमान फार तर मागील पातळ्यांची सरासरी वापरील. प्रशिक्षण-त्रुटी ३३ आणि नव्या दिवसावरील त्रुटी १०५. साध्या प्रतिमानाचीही १०५ च होती. म्हणजे दिनांकाने कमावले काहीच नाही. निर्णयवृक्ष तर याहूनही वाईट वागतात : पुढचा, कधी न पाहिलेला दिनांक समोर आला की ते शेवटच्या शिकलेल्या दिवसाची पातळीच पुढे चालवितात, आणि दिवसांच्या पातळ्या परस्परांशी फारशा निगडित नसतील तर त्रुटी १०५ च्या पुष्कळ वर जाते. तास मिसळल्यावर जी दरी ८ ची दिसली, ती दिवस वेगळे ठेवल्यावर ७२ ची निघाली. वक्राने अतिजुळणी दाखविली नाही, कारण पडताळणीच्या नोंदींत ज्यांचा पाठ झाला होता तेच दिवस बसलेले होते.

या ठिकाणी आणखी एक लक्षण ध्यानात घेण्याजोगे आहे. साध्या प्रतिमानात दिवस वाढविले की दरी मिटत जाते. दिवसाची पातळी पाठ करणाऱ्या प्रतिमानात, योग्य पडताळणी केली असता, ती मिटत नाही : कितीही दिवस आणा, खालचा वक्र ३५ च्या जवळ आणि वरचा १०० च्या जवळ स्थिर राहतो. कारण प्रत्येक नव्या दिवसाबरोबर पाठ करावयाचा एक नवा गुणांकही येतो. नोंदी वाढत असताना दरी जागच्या जागी राहिली, तर प्रतिमान नोंदींइतक्याच वेगाने स्वतः वाढत आहे, किंवा पडताळणीचे जग प्रशिक्षणाच्या जगाहून मुळातच भिन्न आहे, असा संशय घ्यावा. केवळ "नोंदी अपुऱ्या होत्या" असे प्रबंधाच्या शेवटी लिहून या दरीचा निकाल लागत नाही.

मग तास मिसळून पडताळणी करणे सर्वथा त्याज्य काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. वेधशाळेत कधी वीज जाते, कधी उपकरण बंद पडते, आणि एखाद्या दिवसाचे चारपाच तास कोरे राहतात. ती पोकळी भरावयाची असेल तर त्या दिवसाचे उरलेले तास आपल्या हाती असतातच. तेथे दिवसाची पातळी वापरणे हा अपराध नव्हे, तेच शहाणपण. आणि तेथे ४० हा आकडा बव्हंशी प्रामाणिक आहे. बव्हंशी एवढ्याचसाठी म्हणतो की, खऱ्या पोकळ्या सलग असतात, विखुरलेल्या नसतात, आणि सलग पाच तास भरणे हे सुटे पाच तास भरण्याहून कठीण. त्या प्रबंधाचे शीर्षक मात्र पूर्वकथनाचे होते. एकाच आकृतीचा अर्थ पोकळी भरण्याच्या कामी खरा आणि उद्याचे मूल्य सांगण्याच्या कामी खोटा ठरतो. तेव्हा पडताळणीच्या नोंदी प्रतिमानापासून किती दूर ठेवावयाच्या हे प्रतिमान कशासाठी आहे यावरून ठरते. आकृतीखाली हे लिहिलेले मी क्वचितच पाहिले आहे.

दिवस वेगळे ठेवले म्हणजे सर्व साधले असेही नाही. पडताळणीस पाच दिवस ठेवले तर विद्यार्थी लिहितो, "पडताळणीच्या १२० नोंदी". नोंदी १२० खऱ्या, परंतु पातळ्या पाचच. हे १२० तास परस्परांपासून स्वतंत्र असते तर १०० च्या त्रुटीत साधारण १३ चा हेलकावा अपेक्षित होता. विचलनाचा मोठा भाग दिवसाच्या पातळीचा असल्यामुळे तो हेलकावा प्रत्यक्षात ४० च्या घरात जातो. अशा पाच दिवसांवर एका प्रतिमानाची त्रुटी ११० आणि दुसऱ्याची ९५ आली म्हणून दुसरे सरस म्हणणे धाडसाचे आहे. वरचा वक्र मध्येच उचलला गेला, मध्येच खाली बसला, तर त्यातून सिद्धांत काढण्यापूर्वी पडताळणीचे दिवस बदलून तोच वक्र पाचसहा वेळा काढावा आणि सर्व रेषा एकाच कागदावर दाखवाव्या. छापील आकृतीत एकच गुळगुळीत रेषा दिसली की मला आता थोडी भीतीच वाटते.

आज हे वक्र काढण्याचे काम तयार साधनांनी होते, आणि त्यांच्या सवयी ठाऊक नसतील तर चूक नकळत घडते. `scikit-learn` या संचातील `learning_curve` हे साधन पुष्कळ विद्यार्थी वापरतात. त्यास दिवसांचे गट सांगण्याची सोय आहे :

```
learning_curve(model, X, y, groups=day,
               cv=GroupKFold(n_splits=5))
```

याने पडताळणीचे दिवस प्रशिक्षणापासून वेगळे राहतात, हे उत्तम. परंतु डावीकडचे, थोड्या नोंदींचे बिंदू कसे निपजतात हे पाहावे. काही न सांगता हे साधन प्रशिक्षणाच्या नोंदींतील आरंभीचा भाग उचलते. नोंदी दिनांकानुसार लावलेल्या असतील तर वक्राची डावी बाजू जानेवारी-फेब्रुवारीवर उभी राहते आणि उजवी संपूर्ण वर्षावर. मग वरचा वक्र उतरतो तो नोंदी वाढल्यामुळे की ऋतू वाढल्यामुळे, हे सांगता येत नाही. `shuffle=True` असे सांगितले तर नोंदी मिसळल्या जातात, पण मिसळतात ते तास, दिवस नव्हेत. म्हणजे थोड्या नोंदींतही पुष्कळ दिवसांचे तुकडे येतात आणि आडव्या अक्षावरील आकडा फसवा होतो. या कामात ज्ञान दिवसागणिक वाढते, तासागणिक नव्हे, हे एकदा मान्य केले की आडव्या अक्षावर दिवस लिहावे आणि पूर्ण दिवस यदृच्छेने निवडून एकेक भर घालणारे चक्र स्वतः लिहावे, हे बरे. दहा ओळींचेच काम आहे.

याच नावाने आणखी एक आकृती प्रचलित आहे, तिचा उल्लेख करून पुढे जातो. मज्जाजालसदृश प्रतिमानांत आडव्या अक्षावर नोंदींची संख्या नसून त्याच नोंदींवरून केलेल्या फेऱ्यांची संख्या असते. तेथे खालचा वक्र सतत उतरतो. वरचा आधी उतरतो व अतिजुळणी सुरू झाली की पुन्हा चढू लागतो, आणि चढ सुरू होताच शिकविणे थांबवितात. दोन्ही आकृत्यांचे वाचन भिन्न आहे. एकीत खालच्या वक्राचा चढ हे आरोग्याचे चिन्ह, दुसरीत खालच्या वक्राची अखंड उतरण हे केवळ चिकाटीचे चिन्ह. पडताळणीत पाठ झालेले दिवस शिरले असतील तर येथेही वरचा वक्र चढतच नाही, आणि विद्यार्थी हजारो फेऱ्या मारीत राहतो. शिवाय थांबण्याची फेरी ज्या नोंदींवरून ठरविली त्यांवरील त्रुटी ही निवडलेली, म्हणून अनुकूल त्रुटी असते. अंतिम आकडा तिसऱ्याच, तोवर न उघडलेल्या नोंदींवरून द्यावा.

कधीकधी वरचा वक्र खालच्याही खाली जातो, आणि विद्यार्थी त्यास यश समजतो. बहुधा त्याचे कारण पडताळणीचा काळ सोपा असणे हे असते. सूर्यावरील डागांचे चक्र सुमारे अकरा वर्षांचे. मागील चक्राचे शिखर २०१४ साली आले आणि किमान डिसेंबर २०१९ मध्ये. २०१२ ते २०१५ च्या नोंदींवर शिकविलेले प्रतिमान २०१९ वर तपासले, तर त्या मंद वर्षात दैनिक लयही लहान आणि वादळेही थोडी, म्हणून त्रुटी कमी यावयाचीच. तेच प्रतिमान मे २०२४ वर तपासावे. त्या महिन्याच्या १० व ११ तारखांना दोन दशकांतील सर्वांत तीव्र चुंबकीय वादळ झाले होते. वर्ग करून मोजलेल्या त्रुटीत असे एकच वादळ सबंध वर्षावर भारी पडते : शांत तासाची १० ची चूक १०० मोजली जाते, वादळातील ३०० ची चूक ९०,०००, म्हणजे नऊशे शांत तासांइतकी. तेव्हा वरच्या वक्राची उंची प्रतिमानापेक्षा पडताळणीत वादळ आले की नाही यावरच ठरते. उपाय सोपा आहे, पण केला जात नाही : शांत तासांचे आणि वादळी तासांचे वक्र वेगळे काढावे, आणि वादळांचा आडवा अक्ष तासांचा किंवा दिवसांचा न ठेवता वादळांच्या संख्येचा ठेवावा. तसे केले की शंभर वर्षांची मालिका एकाएकी फार लहान दिसू लागते.

किती लहान, याचे माप कुलाब्याच्याच जुन्या वहीत आहे. सप्टेंबर १८५९ च्या महावादळात तेथील क्षितिजसमांतर बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद झाली होती. अलिबागच्या नोंदी १९०४ नंतरच्या. त्यांत या तोडीचे वादळ नाही. अलिबागवर शिकविलेल्या आणि अलिबागवरच तपासलेल्या प्रतिमानाचे दोन वक्र कितीही जवळ आले तरी ते या अनुपस्थितीविषयी काहीच सांगू शकत नाहीत, कारण ती दोन्ही बाजूंस सारखीच आहे.

त्या विद्यार्थ्यास मी नंतर पत्र लिहिले, आणि मौखिक परीक्षेत जे विचारावयास हवे होते ते त्यात विचारले. त्याने दिवस वेगळे ठेवून वक्र पुन्हा काढले. नव्या आकृतीत दरी रुंद होती आणि वरचा वक्र जवळपास आडवा. त्याच कागदावर त्याने, माझ्या सूचनेशिवाय, एक तिसरी रेषा ओढली होती : काल या तासाला जे मूल्य होते तेच आज असे सांगणाऱ्या प्रतिमानाची. ती त्याच्या वरच्या वक्राच्या किंचित खाली होती. पत्रासोबत आलेला तो कागद मी प्रबंधाच्या माझ्याकडील प्रतीत, जुन्या आकृतीच्या पानाशी, ठेवून दिला आहे.